टीपीएची तीच क्वेरी परत परत येतेय, रिपोर्ट सापडत नाहीत आणि डॉक्टरांचं स्पष्टीकरण मागितलंय, अशा वेळी काय करायचं

मेडिक्लेमचा क्लेम टाकलाय, टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेमचे कागद तपासणाऱ्या संस्थेकडून, "बिलातल्या सर्व तपासण्यांचे रिपोर्ट जोडा, नसतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं स्पष्टीकरण द्या" अशी क्वेरी आलीये, तुम्ही काहीतरी उत्तर दिलंय आणि दहा-पंधरा दिवसांनी तीच क्वेरी शब्द न बदलता परत आलीये, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी लग्नाआधी आणि नंतरही मिळून पाच वर्षं एका छोट्या हॉस्पिटलात मेडिक्लेमच्या काउंटरला होते. त्यामुळे ही क्वेरी मी टेबलाच्या अलीकडून पाहिलीये आणि मागच्या वर्षी घरातल्याच माणसासाठी पलीकडूनही पाहिली.

झालं असं की वन्संचा मुलगा, वय २४, ऑक्टोबरात डेंग्यूने आजारी पडला. तालुक्याच्या ठिकाणी एका नर्सिंग होममध्ये चार दिवस ॲडमिट होता. तिथे कॅशलेस नव्हतं म्हणून बिल भरून रिइम्बर्समेंटला क्लेम टाकला, बिल ३२,३०० रुपये. महिन्याभराने क्वेरी आली. वन्संनी हॉस्पिटलमधून एक चिठ्ठी आणून लावली, त्यात दोन ओळी होत्या, "पेशंटला डेंग्यू होता, ॲडमिट करणं गरजेचं होतं, काही रिपोर्ट गहाळ झाले आहेत." चिठ्ठी पाठवली आणि बाराव्या दिवशी तीच क्वेरी परत. तेव्हा मला फोन आला की अगं तूच बघ आता, आमचं डोकं चालेना.

ती चिठ्ठी का चालली नाही हे आधी सांगते, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. टीपीएकडे फाइल बघणारा माणूस डॉक्टर असतो, पण त्याने पेशंटला पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर फक्त कागद असतात. तो दोन गोष्टी जुळवतो. एक, बिलात ज्या तपासण्यांचे पैसे लावलेत त्या खरंच झाल्यात का. दोन, जो आजार लिहिलाय तो कागदावरून सिद्ध होतो का आणि त्यासाठी ॲडमिट व्हायची गरज होती का. "काही रिपोर्ट गहाळ" या वाक्यातून त्याला यातलं काहीच मिळत नाही. कुठले रिपोर्ट, किती, गहाळ झाले म्हणजे तपासणी झाली होती आणि कागद हरवला की मुळात कागद निघालाच नव्हता? हे कळेपर्यंत तो तीच क्वेरी पाठवत राहणार.

म्हणून पहिलं काम डॉक्टरकडे धावायचं नाही. पहिलं काम म्हणजे कुठला रिपोर्ट नेमका कशामुळे नाहीये हे शोधायचं. कारणं तीन-चारच असतात, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं, आणि सगळ्यांना एकच पत्र लावलं की गाडी फसते.

एक कोरा कागद घ्या, फाइनल बिलाचा ब्रेकअप समोर ठेवा आणि त्यात लिहिलेली प्रत्येक तपासणी एकाखाली एक उतरवा, किती वेळा लावली तेही. शेजारी तुमच्याकडे असलेल्या रिपोर्टची तारीख लिहा. जिथे जागा रिकामी राहते तेवढंच तुमचं काम. वन्संकडे मी हेच केलं. बिलात सीबीसी पाच वेळा होती, एनएस१ची डेंग्यू टेस्ट एक, लिव्हरची एलएफटी एक, सोडियम-पोटॅशियम एक, लघवीची एक आणि पोटाची सोनोग्राफी एक. हातात होतं काय तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशीची सीबीसी, एलएफटी आणि लघवीचा रिपोर्ट. म्हणजे सीबीसीचे तीन, एनएस१, सोडियम-पोटॅशियम आणि सोनोग्राफी एवढे कमी.

मग भाच्याला घेऊन आधी लॅबमध्ये गेले. नर्सिंग होमची स्वतःची लॅब नव्हती, शेजारच्या लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन जायचा. हे बहुतेक छोट्या ठिकाणी असंच असतं आणि ते आपल्या फायद्याचं आहे, कारण लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये रिपोर्ट राहतो, हॉस्पिटलने छापील कागद हरवला तरी. पेशंटचं नाव आणि तारखा दिल्यावर दहा मिनिटांत सीबीसीचे दोन रिपोर्ट आणि सोडियम-पोटॅशियमचा एक असे तीन निघाले. त्यांनी वर "डुप्लिकेट" शिक्का मारून पॅथॉलॉजिस्टची सही करून दिली. डुप्लिकेट शिक्क्याला घाबरू नका, तो असलेला बरा, त्यावरून कळतं की रिपोर्ट लॅबच्या रेकॉर्डमधूनच आलाय. सोनोग्राफी दुसऱ्या सेंटरला झाली होती, तो रिपोर्ट यांच्याच हातात दिलेला आणि घरी कुठेतरी गेलेला, तोही सेंटरने पुन्हा काढून दिला. म्हणजे ज्या रिपोर्टसाठी डॉक्टरांकडून "गहाळ" म्हणून लिहून आणलं होतं त्यातले चार रिपोर्ट अर्ध्या दिवसात मिळाले.

आता गंमत नाही, पण खरंच लक्ष देण्यासारखी गोष्ट पुढे आहे. आधी फाइलमध्ये पहिली आणि शेवटची सीबीसी होती, प्लेटलेट ६८,००० आणि ९७,०००. ते बघून कुणालाही वाटेल की प्लेटलेट फार काही उतरल्याच नाहीत, मुलगा बरा होत गेला, मग चार दिवस ठेवला कशाला. मधले दोन रिपोर्ट मिळाल्यावर क्रम असा दिसला की ६८,०००, दुसऱ्या दिवशी ४६,०००, तिसऱ्या दिवशी ५२,००० आणि मग ९७,०००. शिवाय दुसऱ्या दिवशी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ४१ वरून ४७ वर गेलेलं. प्लेटलेट झपाट्याने उतरणं आणि त्याच वेळी हिमॅटोक्रिट चढणं ही डेंग्यूमधली धोक्याची खूण मानतात, कारण रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं आणि रक्त दाट होतं. म्हणजे ॲडमिशन का लागलं याचा सगळ्यात मोठा पुरावा नेमका त्या हरवलेल्या कागदावर होता. म्हणून सांगते, मिळू शकणारा रिपोर्ट आधी मिळवा, त्याची जागा डॉक्टरांचं पत्र घेऊ शकत नाही.

पाचवी सीबीसी मात्र लॅबच्या रजिस्टरमध्ये नव्हतीच. चारच झाल्या होत्या. बिल बनवणाऱ्याने रोजची एक धरून पाच लावल्या असणार, मी स्वतः काउंटरला असताना अशी चूक होताना पाहिलीये. इथे काय करायचं तर हॉस्पिटलला सांगून लिहून घ्यायचं की बिलात एक सीबीसी जास्त लागली आहे, ३५० रुपये कमी धरावेत. ३५० रुपये सोडून द्या. जी तपासणी झालीच नाही तिचं डॉक्टरांकडून स्पष्टीकरण घ्यायला जाल तर बाकीच्या खऱ्या तपासण्यांवरही संशय येतो. आणि काही ठिकाणी "थांबा, जुन्या तारखेचा रिपोर्ट काढून देतो" असं सांगणारे भेटतात, तिथून सरळ उठून या. टीपीएचा माणूस लॅबमध्ये जाऊन रजिस्टर बघू शकतो, बघतोही, आणि असा एक बनावट कागद निघाला की पूर्ण क्लेम फसवणूक म्हणून नाकारला जातो, पॉलिसीसुद्धा रद्द होऊ शकते.

राहिली एनएस१. ही खरी अडचण होती. ती लॅबमध्ये झालीच नव्हती. ॲडमिट झाला त्या रात्री लॅब बंद होती म्हणून हॉस्पिटलमध्येच कार्ड टेस्ट केली होती, प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखं छोटं प्लास्टिकचं कार्ड असतं ते. रेषा उमटली, आरएमओने, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने, केस पेपरवर "एनएस१ पॉझिटिव्ह" लिहिलं आणि कार्ड टाकून दिलं. छापील रिपोर्ट निघालाच नाही. असं ग्लुकोमीटरवरच्या शुगरचं होतं, कधीकधी ईसीजीची पट्टी फिकी पडून जाते तिचंही होतं. इथे रिपोर्ट "गहाळ" नाहीये, तो कधी नव्हताच, आणि डॉक्टरांनी समजावून सांगायचं असतं ते हेच.

याच्यासाठी केस पेपर लागतो. इनडोर केस पेपर, टीपीएच्या भाषेत आयसीपी, म्हणजे ॲडमिशनची पहिली नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंगचा चार्ट, ताप-नाडी-बीपीचा टीपीआर चार्ट आणि औषधं दिल्याचा चार्ट. डिस्चार्ज कार्ड शेवटी बनतं, केस पेपर त्या त्या वेळी लिहिला जातो, म्हणून टीपीएचा डॉक्टर केस पेपरवर जास्त विश्वास ठेवतो. हॉस्पिटलवाले कधीकधी म्हणतात की केस पेपर देता येत नाही. मूळ कागद देत नाहीत हे बरोबर, पण झेरॉक्स मिळायलाच हवी. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम आहेत, त्यात ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितलं की मागणीची पोच देऊन ७२ तासांत द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून तोंडी मागू नका. एक साधा अर्ज करा, त्यात आयपीडी नंबर आणि ॲडमिट-डिस्चार्जच्या तारखा टाका, पेशंटची सही घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झेरॉक्स मिळाली, प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का मारून.

केस पेपर हातात आल्यावर घाई करून डॉक्टरांकडे जाऊ नका, आधी तो डिस्चार्ज कार्डाशी ओळ-ओळ लावून बघा. मी रात्री बसून बघितलं आणि क्वेरीचं खरं मूळ तिथे सापडलं. डिस्चार्ज कार्डावर छापलं होतं "सात दिवसांपासून ताप." केस पेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात होतं "ताप ४/७." आमच्याकडे डॉक्टर लोक दिवस असे लिहितात, ४/७ म्हणजे चार दिवस, आठवड्यातले चार. टाइप करणाऱ्या मुलीने त्यातला सात उचलला. आता एनएस१ हे साधारण तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत चांगलं सापडतं, पुढे ते कमी होत जातं आणि आयजीएम, म्हणजे शरीराने डेंग्यूविरुद्ध तयार केलेली अँटीबॉडी, सापडायला लागतं. म्हणजे टीपीएच्या डॉक्टरने कार्ड वाचलं तेव्हा त्याला दिसलं की सातव्या दिवशी फक्त एनएस१ पॉझिटिव्ह, आयजीएम केलेलंच नाही, एनएस१चा रिपोर्टही जोडलेला नाही. त्याला शंका येणारच ना? हे त्याने क्वेरीत लिहिलं नव्हतं, लिहीतही नाहीत, तिथे नुसतं "निदानाला आधार देणारे रिपोर्ट" एवढंच असतं.

मग डॉक्टरांकडे जायचं. वेळ बघून जा, ओपीडी संपता संपता, आणि रिसेप्शनला सांगून मूळ केस पेपर रेकॉर्डमधून काढून ठेवायला लावा, म्हणजे डॉक्टर आठवणीवरून लिहिणार नाहीत. सोबत क्वेरीची प्रिंट, आपला तक्ता आणि एका कागदावर कुठल्या मुद्द्याचं उत्तर हवंय ते लिहून न्या. आजाराबद्दल आपण आपल्या मनाने वाक्यं बनवून न्यायची नाहीत, फक्त केस पेपरमध्ये काय लिहिलंय ते दाखवायचं, बाकी डॉक्टर लिहितील. डॉक्टर चिडलेलेही असतात, त्यांना वाटतं की माझ्या निदानावर शंका घेताहेत. मी एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही बरोबरच केलंय, पण तिकडच्या डॉक्टरांना फक्त कागद दिसतोय, तर तुम्ही त्या रात्री काय पाहिलंत ते लिहा." त्यांनी केस पेपर उघडला आणि स्वतःच पंधरा मिनिटं लिहीत बसले.

पत्र बहुतेक डॉक्टर इंग्रजीत लिहितात, तेच बरं पडतं, पण मजकूर काय असावा ते कळावं म्हणून आमच्या पत्रातलं मराठीत देतेय, नाव आणि नंबर काढून.

"क्लेम नंबर अमुक, क्वेरीची तारीख अमुक, पेशंटचं पॉलिसीवरचं पूर्ण नाव, वय २४, आयपीडी नंबर अमुक, ॲडमिट ११ ऑक्टोबर रात्री ९.४०, डिस्चार्ज १५ ऑक्टोबर.

वरील पेशंट चार दिवसांचा ताप, वारंवार उलट्या आणि पोटदुखी घेऊन आला. तपासताना ताप १०२, नाडी ११२, बीपी ९६/६०, तोंडाने पाणी टिकत नव्हतं. सतत उलट्या आणि पोटदुखी ही डेंग्यूमधील धोक्याची लक्षणं असल्याने आणि शिरेतून सलाइन व दर काही तासांनी बीपी-नाडीची नोंद आवश्यक असल्याने ॲडमिट केलं. हे उपचार घरी शक्य नव्हते.

एनएस१ तपासणी ११ ऑक्टोबरला रात्री लॅब बंद असल्याने रुग्णालयातच रॅपिड कार्डवर केली. निकाल पॉझिटिव्ह, त्याची नोंद केस पेपर पान २ वर त्याच वेळी केली आहे. या तपासणीचा वेगळा छापील रिपोर्ट निघत नाही. एलायझाची सोय येथे उपलब्ध नाही. प्लेटलेटचा क्रम, वाढलेलं हिमॅटोक्रिट, एलएफटी आणि सोनोग्राफीमध्ये पोटात दिसलेलं थोडं पाणी यांचा एकत्र विचार करून निदान केलं आहे.

डिस्चार्ज कार्डावर तापाचा कालावधी सात दिवस असा टाइप झाला आहे, ती टायपिंगची चूक आहे. केस पेपर पान १ प्रमाणे कालावधी चार दिवस आहे. दुरुस्त कार्ड सोबत जोडलं आहे.

बिलात सीबीसी पाच वेळा लागली असून प्रत्यक्षात चार झाल्या. ३५० रुपये कमी धरावेत."

खाली डॉक्टरांची सही, नाव, डिग्री, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का आणि ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाची तारीख. मागची तारीख टाकायची नाही, क्वेरी नोव्हेंबरात आली आणि तिचं उत्तर ऑक्टोबरच्या तारखेचं असेल तर काय वाटेल ते तुम्हीच बघा. लेटरहेडवरच हवं, साध्या कागदावर किंवा औषधांच्या चिठ्ठीवर नको.

आता या पत्रात एक शब्द येऊ द्यायचा नाही. पुष्कळ डॉक्टर चांगल्या मनाने लिहून देतात की "पेशंटला निरीक्षणासाठी आणि तपासण्यांसाठी ॲडमिट केलं." हे वाक्य क्लेम मारतं. तुमची पॉलिसी काढून बघा, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत `Excl04` नावाचं कलम असतं, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत तेच, आणि त्याचा अर्थ असा की ॲडमिशन मुख्यतः तपासण्या आणि निदानासाठीच असेल तर खर्च मिळत नाही. वन्संच्या फाइलमध्ये चौकशी करता कळलं की क्लेम फॉर्मच्या भाग बी मध्ये, जो हॉस्पिटल भरतं, तिथे कारणाच्या रकान्यात "ऑब्झर्व्हेशन" लिहिलं होतं. नशीब की खालीच "डेंग्यू" होतं. खरं काय घडलं होतं तर सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, चार-चार तासांनी बीपी घेतलं, हे सगळं उपचार आहेत आणि औषधांच्या चार्टवर दिसतात. तर डॉक्टरांनी काय केलं ते लिहू द्या, "निरीक्षण" या एका शब्दात ते गुंडाळू नका. अर्थात खरोखर नुसत्या तपासण्यांसाठीच ॲडमिट केलेलं असेल, सलाइन नाही, इंजेक्शन नाही, टीपीआर चार्टवर एकदाही ताप नाही, तर मग पत्राने ते बदलणार नाही आणि बदलायचा प्रयत्नही करू नये.

तसंच जुना आजार. पत्रात डॉक्टर सवयीने "मागील काही काळापासून त्रास" असं मोघम लिहून जातात आणि मग पुढची क्वेरी येते की कधीपासून, पहिल्या तपासणीचे कागद द्या, वेटिंग पिरियडमध्ये बसतं का. कालावधी नेमका आणि केस पेपरशी जुळणारा लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डाची दुरुस्तीही खाडाखोड करून, व्हाइटनर लावून घेऊ नका. नवीन कार्ड, त्यावर दुरुस्त प्रत असं लिहिलेलं, आजची तारीख, डॉक्टरांची सही, आणि जुनं कार्ड पण सोबत ठेवायचं. जुनं लपवलं तर टीपीएकडे ते आधीच आहे, त्यांना दोन वेगळी कार्डं दिसतात आणि कारण कळत नाही.

एक जण मला विचारत होते की डेंग्यूचा रिपोर्ट नाही तर आत्ता आयजीएम करून लावू का. आयजीएम काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, त्यामुळे आजच्या तारखेने करायला हरकत नाही, पण त्यावरून त्या चार दिवसांत ॲडमिशन लागत होतं हे सिद्ध होत नाही. केस पेपर आणि प्लेटलेटचा क्रम असेल तर तो खर्च करू नका.

पाठवताना सगळं एका पीडीएफमध्ये, आणि पहिलं पान तुमचं स्वतःचं कव्हर लेटर. क्वेरीत जितके मुद्दे आहेत तितकेच मुद्दे त्याच क्रमाने, प्रत्येकापुढे "जोडलं आहे, पान नंबर अमुक" किंवा "रिपोर्ट निघत नाही, डॉक्टरांचं पत्र पान नंबर अमुक." आम्ही असं केलं, एकूण २३ पानं झाली, पानांवर पेनने नंबर टाकले. पोर्टलवर अपलोड केलं आणि त्याच दिवशी क्लेम नंबर सब्जेक्टमध्ये टाकून ईमेलही केला, टीपीएला आणि सीसीमध्ये विमा कंपनीला. मूळ कागद मागितले असतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि जायच्या आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. क्वेरीत उत्तराची शेवटची तारीख असते, ती चुकणार असं दिसलं तर गप्प बसू नका, "हॉस्पिटलकडे अमुक तारखेला अर्ज केला आहे, पोच जोडली आहे, मुदत द्यावी" असा मेल टाका. मुदतीत उत्तर न गेल्याने फाइल "बंद" केली असा मेसेज येतो तेव्हा लोक घाबरून सोडून देतात, पण कागद न आल्याने बंद होणं आणि क्लेम नाकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत, कागद पूर्ण करून फाइल उघडायची लेखी विनंती करा.

डॉक्टरच गावात नसतील किंवा नोकरी सोडून गेले असतील तर काय, हेही विचारतात. त्या हॉस्पिटलचे प्रमुख किंवा मेडिकल सुपरिंटेंडंट केस पेपरच्या आधारे पत्र देऊ शकतात, फक्त त्यांनी तसं स्पष्ट लिहावं की उपचार करणारे डॉक्टर आता इथे नाहीत आणि मी रेकॉर्डवरून लिहीत आहे. आणि हॉस्पिटल दादच देत नसेल तर अर्जाची पोच टीपीएला पाठवा आणि सांगा की तुम्ही स्वतः हॉस्पिटलकडून मागवा. हे आपण उगाच म्हणत नाही, विमा नियामकाच्या २९ मे २०२४च्या मास्टर सर्क्युलरमध्येच आहे की क्लेमसाठी लागणारे कागद विमा कंपनी आणि टीपीएने हॉस्पिटलकडून घ्यावेत. प्रत्यक्षात रिइम्बर्समेंटमध्ये अजून आपल्यालाच पळावं लागतं, पण हॉस्पिटलने हात वर केले की ते वाक्य लेखी टाकलेलं उपयोगी पडतं.

सगळं नीट देऊनही तिसऱ्यांदा तीच क्वेरी आली तर तिसरं उत्तर टीपीएला देत बसू नका. टीपीए कागद बघतो, पण क्लेम नाकारायचा अधिकार त्याला नाही, तो विमा कंपनीचा. कंपनीच्या तक्रार विभागाला आपलं कव्हर लेटर आणि पीडीएफ पाठवून विचारा की यात नेमका कुठला कागद कमी आहे ते लिहून द्या. तिथून उत्तर नाही आलं तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार टाका. आणि महिनाभर कंपनी गप्प राहिली किंवा नाकारलं, तर इन्शुरन्स ओंबड्समन, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. तिथेही तेच केस पेपर आणि तेच पत्र बघतात, म्हणून ते पहिल्यांदाच नीट झालेलं बरं.

वन्संच्या फाइलला एवढ्या लांब जावं लागलं नाही. उत्तर पाठवल्यावर अकराव्या दिवशी मेसेज आला. ३२,३०० मधून जास्तीच्या सीबीसीचे ३५० आणि औषधांच्या बिलातले ग्लोव्हज, कापूस वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे ७४० गेले, खात्यात ३१,२१० जमा झाले. भाच्याने आता एक केलंय, घरात कुणी ॲडमिट असलं की डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायच्या आधीच काउंटरवर बिल आणि रिपोर्ट शेजारी ठेवून टिक करतो आणि जो नाही तो तिथेच मागतो, कारण त्या दिवशी फाइल टेबलावर असते, आरएमओ ड्युटीवर असतो आणि कार्ड टेस्ट झाली असेल तर तिचा फोटो काढायलाही तो नाही म्हणत नाही.